मस्टर शेवटी उघडा

रोजगार हमीच्या कामांची गावानेच करायची तपासणी म्हणजे सामाजिक अंकेक्षण. त्याच्या नावाखाली ग्रामसभेत मजुरांच्या हजेरीचं मस्टर वाचायचं आणि 'बरोबर आहे ना?' असं विचारायचं, हा प्रकार बंद व्हायला हवा. समोर ग्रामरोजगार सेवक बसलेला, दाराशी ठेकेदार उभा. मजूर 'नाही' म्हणेल कसा?

मनरेगाच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 ने हे काम ग्रामसभेला दिलं. 2011 च्या नियमांनी ते दर सहा महिन्यांनी करायला सांगितलं आणि सगळी कागदपत्रं सभेच्या किमान 15 दिवस आधी द्यायला लावली. माझ्या मते अंकेक्षण त्या 15 दिवसांतच होतं, सभेत त्याचं फक्त वाचन होतं.

घरी जाऊन मजुराला आधी विचारायचं, कामावर किती दिवस गेलात, कुणाबरोबर? मस्टर त्यानंतर उघडायचं. आधी दाखवलं की माणूस कागदावरचाच आकडा सांगतो. पासबुकात पैसे दिसले म्हणूनही थांबायचं नाही, कारण पैसे काढून त्यातला वाटा परत द्यायला लावतात. तारखा नीट बघा. कुटुंब ऊसतोडीला गेलेलं आणि त्याच आठवड्यात मस्टरवर सहा दिवस हजेरी, हे सापडलं की वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

मग टेप घेऊन माळावर. समजा, मोजमाप पुस्तिकेत समतल चर 600 मीटर लांब, 0.60 रुंद, 0.30 खोल, म्हणजे 108 घनमीटर. जागेवर लांबी 400 भरली, तर काम 72 घनमीटर आणि 36 घनमीटरचं बिल जास्तीचं. पावसाळा उलटला असेल तर खोलीवरून भांडू नका. चरात गाळ बसतो, अभियंता तेच सांगेल आणि ते खरंही असेल. लांबी मात्र गाळाने कमी होत नाही.

घोडं अडतं ते यानंतर. ग्रामसभेच्या ठरावात 'कामात गैरव्यवहार झाला' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर मनरेगाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाने वसुली कुणाकडून आणि किती सांगायची? कामाचं नाव, मस्टर क्रमांक, मजूर, खोटे दिवस, रक्कम, सह्या-अंगठ्यांचे जबाब आणि सेवकाचा लेखी खुलासा, एवढं जोडायलाच हवं. खुलासा न घेतलेलं प्रकरण 'बाजू ऐकली नाही' म्हणून सहज उडतं.

आणखी एक. विषय आधीच कोर्टात असेल तर लोकपाल ती तक्रार घेत नाही. म्हणून रागाच्या भरात हायकोर्टात रिट याचिका टाकू नका. लोकपालाचा आदेश धूळ खात पडला किंवा तालुकाभर अंकेक्षणच होत नसेल, तर हायकोर्टात जरूर जा. चर मोजायला तिथून कुणी येणार नाही. याचिकेला जोडायला मोजणीचा पंचनामा आणि ते जबाब आधीपासून तयार हवेत.