कर्ता हरवला आहे, शोधून देणाऱ्यास अडीच मार्क दंड

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत ‘एरर’ शोधायला बसणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या खुर्चीवर तिसरं वर्ष काढणारा एक अनुभवी माणूस तुम्हाला काही मोलाच्या सूचना करतो आहे. पैसे नकोत. पैसे मी आधीच एका क्लासला देऊन बसलोय.

पहिली सूचना: वाक्य लांब असेल तर कर्ता शोधायच्या भानगडीत पडू नका. क्रियापद दिसलं की त्याच्या डावीकडे जे पहिलं नाम उभं असेल त्यालाच कर्ता माना. ते अनेकवचनी असेल तर ‘हॅव’, एकवचनी असेल तर ‘हॅज’. काम झालं, चहाला चला.

हा नियम मी शोधलेला नाही, गेल्या रविवारी मला तो शिकवला गेला. क्लासच्या सराव परीक्षेत प्रश्न होता. ए भागात ‘द लिस्ट ऑफ द कँडिडेट्स हू हॅव क्लिअर्ड द रिटन टेस्ट’, बी भागात ‘अँड हूज डॉक्युमेंट्स वेअर व्हेरिफाइड ऑन मंडे’, सी भागात ‘हॅव बीन पुट अप ऑन द नोटीस बोर्ड’ आणि डी म्हणजे ‘नो एरर’. मी सी लिहिलं. उत्तरतालिकेत डी. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पद्धतीने प्रश्न दोन मार्कांचा आणि चुकलं तर अर्धा वजा, म्हणजे कर्ता शोधायच्या हौसेपायी माझे अडीच मार्क गेले. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राने वाक्य न वाचताच डी मारलं होतं. तो माझ्या पुढे गेला. त्याचं अभिनंदन.

दुसरी सूचना: वाक्यात क्रियापदं किती आहेत हे मोजू नका. मोजलंत तर नसती पंचाईत होते. वरच्या वाक्यात ती तीन निघतात. ‘हॅव क्लिअर्ड’ कोणी केलं? ‘हू’ने, आणि ‘हू’ म्हणजे कँडिडेट्स, तेव्हा ‘हॅव’ बरोबर. ‘वेअर व्हेरिफाइड’ काय झालं? डॉक्युमेंट्स, तेव्हा ‘वेअर’ही बरोबर. राहिलं ‘हॅव बीन पुट अप’. बोर्डावर काय लावलं? उमेदवार लावले का, टाचण्या मारून? लावली यादी. यादी एक, म्हणून ‘हॅज बीन’. पहिली दोन अनेकवचनी क्रियापदं बरोबर असतात, ती कानात घुमत राहतात आणि तिसरंही त्याच सुरात खपून जातं. पेपर काढणाऱ्याने सापळा लावला होता तो इथेच. उत्तरतालिका काढणारा त्यात आपणहून जाऊन बसला.

तिसरी सूचना: कानावर विश्वास ठेवा, मराठी कान आहे. खरंच ठेवा, कारण हा कान मराठीत कधी फसवत नाही. ‘लेखी परीक्षा पास झालेल्या उमेदवारांची यादी लावली आहे’, असंच आपण म्हणतो. ‘उमेदवारांची यादी लावले आहेत’ असं अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत, धक्के खातानाही कोणी म्हणणार नाही. कारण मराठीत सगळी शेपटं नामाच्या आधी येतात. पास झालेले, कागद तपासलेले, सगळे आधी येऊन जातात आणि ‘यादी’ क्रियापदाला चिकटून उभी राहते. जवळचं नाम तेच खरं नाम. इंग्रजीत उलटा कारभार: यादी आधी सांगून मोकळे होतात आणि मग ऑफ, हू, हूज अशी शेपटं लावत सुटतात. क्रियापद येईपर्यंत यादी दोन ओळी मागे राहते आणि त्याच्या शेजारी भलतीच मंडळी उभी असतात. तिथे मराठी कान चालवला की पडलाच खड्ड्यात.

यावर एक साधा इलाज आहे, पण तो मी सांगितला असं कुणाला सांगू नका. ‘ऑफ’ म्हणजे आपलं चा-ची-चे. ‘उमेदवारांची’ या शब्दाला प्रत्यय लागला की तो क्रियापदावर हक्क सांगत नाही, तसाच ‘ऑफ’च्या पुढचा ‘कँडिडेट्स’ही सांगत नाही. पेन्सिलीने ‘ऑफ’पासून मुख्य क्रियापदाच्या अलीकडपर्यंत रेघ मारा. उरतं ‘द लिस्ट हॅव बीन पुट अप’. आता ते कानाला टोचतं की नाही?

रेघ मात्र डोळे मिटून मारू नका. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला अनेकवचनी क्रियापद लागतं, कारण तिथे ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे नुसतं ‘बरेच’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला एकवचनी, कारण तिथे आकड्याबद्दलच बोलणं चाललंय. फरक ‘अ’ आणि ‘द’ यांचा, म्हणून तर तो विचारतात.

चौथी सूचना: ‘अलाँग विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ दिसलं की माणसं मोजून अनेकवचन करून टाका.

(करू नका. ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ हिज टीचर्स, वॉज प्रेझेंट’. बरोबर कितीही वऱ्हाड असो, क्रियापद प्रिन्सिपलचंच.)

पाचवी सूचना: ‘वन ऑफ द स्टुडंट्स हू’ दिसलं की सोडून पुढे जा. ज्यांना थांबायचंच आहे त्यांनी ‘हू’ कोणाचा ते बघावं. ‘ही इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड’ यात पास झालेले अनेक, हा त्यातला एक, म्हणून ‘हॅव’. ‘द ओन्ली वन’ आला की पास झालेला एकटा, म्हणून ‘हॅज’.

सहावी आणि शेवटची सूचना: उत्तरतालिकेवर आक्षेप घेऊ नका. मी घेतला. सोमवारी संध्याकाळी वही घेऊन, रेघ मारून, तीन क्रियापदं मोजून गेलो. तासभर बाहेर बसवलं. मग सर म्हणाले, “अरे, जवळच्या नामाप्रमाणे क्रियापद जातं, नियमच आहे तो. कँडिडेट्स अनेकवचनी, म्हणून हॅव.” मी म्हटलं, “सर, तो नियम ‘नायदर-नॉर’ आणि ‘आयदर-ऑर’चा. तिथे दोन कर्ते असतात, म्हणून जवळचा बघतात. इथे कर्ता एकच आहे.” सर म्हणाले, “तू फार खोलात जातोस. स्पीड वाढव.”

खोलात? सर, वाक्याचा कर्ता कोण हे बघणं म्हणजे खोलात जाणं? आम्ही गावाकडून येतो, मेसचे पैसे वाचवून तुमची फी भरतो, ती तुम्ही प्रश्न तपासून द्याल म्हणून. ‘नायदर-नॉर’चा नियम अर्धा पाठ केलात, तो दिसेल त्या वाक्याला लावलात आणि दोनशे पोरांच्या हातात चुकीचं उत्तर देऊन मोकळे झालात. मार्क गेले त्याचं एक वेळ चालेल, सराव परीक्षाच ती. पण ज्यांनी डी मारलं आणि ज्यांना दोन मार्क मिळाले, त्यांनी घरी जाऊन तेच घोटलं असेल. खऱ्या परीक्षेत त्यांचे अडीच जातील तेव्हा त्यांना कळणारही नाही का गेले. उत्तर सी आहे. ग्रुपवर एक ओळ टाका, ‘उत्तर सी, चूक आमची’, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं करायची लाज वाटत असेल तर निदान दारावरची पाटी तरी उतरवा. ‘द रिझल्ट ऑफ ऑल बॅचेस आर डिस्प्लेड इनसाइड’, असं लिहिलंय तिच्यावर, आणि पाटीच्या खालून रोज इंग्रजीची बॅच आत जाते.