गणिताचे शिक्षक पाहिजेत

आमचे गणिताचे सर सोडून गेले त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून दोन कामं दिली. नवीन शिक्षक मिळेपर्यंत सहावीचे गणिताचे तास घ्यायचे आणि नवीन शिक्षक मिळावा म्हणून जाहिरातीचा मेसेज लिहायचा. मी मराठी शिकवतो. पहिलं काम मला का दिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दुसऱ्याबद्दल बाई म्हणाल्या, "तुमची भाषा चांगली आहे."

भाषा चांगली असल्याचा पुरावा म्हणून मी 'गणितासारख्या रुक्ष मानल्या गेलेल्या विषयात विद्यार्थ्यांचे मन रमवणारा' अशी सुरुवात केली. सचिवांनी वाचून विचारलं, "हे पत्र आहे की स्थळ सुचवताय?" मग त्यांनी स्वतः कात्री चालवली आणि उरलं ते हे: 'गणित शिक्षक पाहिजे. माध्यम सेमी. डेमो द्यावा लागेल. पगार योग्यतेनुसार. संपर्क.' संपर्कापुढे माझा नंबर.

पहिला फोन तासाभरात आला. गृहस्थ अत्यंत नम्र होते. डेमो कधी ठेवायचा, वर्गाची भिंत किती रुंद आहे, वीज जाते का, असं सगळं त्यांनी विचारलं. एवढा काटेकोर माणूस गणिताचाच असणार म्हणून मी आनंदात उत्तरं देत होतो. पाचव्या मिनिटाला कळलं की ते डिजिटल फळे विकतात.

दुसऱ्या दिवसापासून अर्ज यायला लागले. 'माध्यम' या रकान्यात एका अर्जदारानं लिहिलं होतं, 'मावसभावाच्या माध्यमातून समजले.' हसू आलं खरं, पण बाकीच्यांनीही त्या रकान्याचा आपापला अर्थ लावला होता. कुणी स्वतःच्या शिक्षणाचं माध्यम लिहिलं, कुणी आधीच्या नोकरीतलं, तर एकानं नुसतंच 'चालेल'. यात चूक त्यांची नव्हती. आमच्या चार ओळींत 'सेमी' म्हणजे काय हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळेल, अशी सोय होती. आमच्याकडे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. म्हणजे पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं लिखाण इंग्रजी, पेपर इंग्रजी आणि पोरं मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी. या दोहोंमध्ये जो उभा राहतो तो गणिताचा शिक्षक. हे चार शब्दांत कसं बसवायचं?

'योग्यतेनुसार'बद्दल मी काही बोलत नाही. एवढंच सांगतो, की त्या एका शब्दानं दहा अक्षरं वाचवली आणि पन्नास फोन वाढवले.

तरी चार जण डेमोला आले. विषय तुमच्या आवडीचा घ्या, असं मीच फोनवर उदारपणे सांगितलं होतं. चौघांनीही (a + b)² घेतलं. चौघांनीही तोच पुठ्ठ्याचा चौरस आणला होता, दोन रंगांचा. चौथ्यांनी तो पिशवीतून काढला तेव्हा शेवटच्या बाकावरून "आला!" असा आवाज झाला. आवडीचा धडा प्रत्येकाचा घोटून घोटून गुळगुळीत झालेला असतो, त्यात माणूस कुठे अडखळतो ते दिसतच नाही. आणि आम्हाला पाहायचं होतं ते नेमकं अडखळणं.

बाईंनी मेसेज पुन्हा लिहायला लावला. या वेळी मी भाषा घरी ठेवून आलो. 'गणित, इयत्ता 5 वी ते 8 वी, आठवड्याला 28 तास. माध्यम सेमी: पुस्तक, फळा व पेपर इंग्रजीत, समजावणे मराठीत. प्रात्यक्षिक पाठ 20 मिनिटे, इयत्ता 6 वी, विषय: भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज. खडू-फळा पुरेसा.' शेवटचं वाक्य पुठ्ठ्याच्या चौरसासाठी होतं. पगाराचा आकडा सचिवांनी कुरकुरत घातला. फोन एकदम निम्म्यावर आले. या निम्म्यांना आपण कशासाठी फोन करतोय ते माहीत होतं, ही नवीनच गंमत.

विषय अपूर्णांकांचा ठेवण्यामागे माझं स्वतःचं दुखणं होतं. आठवडाभर मी तोच धडा घेत होतो. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "दोन छेद पाच" म्हणायचा. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची बेरीज खाली, सरळ हिशेब. मी "चूक" म्हणायचो, उत्तर पुसायचो आणि बरोबर रीत लिहून द्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन छेद पाच. ते उत्तर मी इतक्यांदा पुसलं होतं, की फळ्याच्या त्या कोपऱ्यात ते कायमचं पांढुरकं उमटलं होतं.

डेमोला तिघं आले. मी, बाई आणि सचिव मागच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो.

पहिल्या सरांचं इंग्रजी फर्डं होतं. त्यांनी फळ्यावर Like fractions आणि Unlike fractions असे दोन रकाने पाडले आणि अस्खलित सुरू झाले. वर्ग इतका शांत, की सचिवांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या: बघा, शिस्त! माझ्या पुढच्या बाकावरची दोघं मात्र कुजबुजत होती. "अनलाइक म्हणजे?" "सरांना ते अपूर्णांक आवडत नाहीत." मग त्या पोरानं वहीत एक छेद दोनच्या पुढे अंगठा काढला आणि एक छेद तीनच्या पुढे उलटा अंगठा. सरांनी शेवटी "Any doubts?" विचारलं. शंका यायला आधी काहीतरी कळावं लागतं, त्यामुळे कुणालाच आली नाही.

दुसरे सर मराठीचे भोक्ते. माझं मन त्यांना बघूनच निवलं. "भिन्नच्छेद अपूर्णांक प्रथम समच्छेद करून घ्यावेत, त्यासाठी छेदांचा लसावि काढावा." काय खणखणीत वाक्य! पण पहिल्या बाकावरची एक मुलगी पुस्तकाची पानं उलटायला लागली. पुढून मागे, मागून पुढे. मग तिनं हात वर केला. "सर, लसावि कुठल्या पानावर आहे?" लसावि कुठल्याच पानावर नव्हता. पुस्तकात होतं LCM. तेच ते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. सर म्हणाले, "लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य." त्यामुळे तिच्या अडचणीत तीन शब्दांची भर पडली.

आता आमची घोडचूक सांगतो. तिन्ही पाठ एकाच वर्गावर, लागोपाठ, एकाच उदाहरणावर ठेवले होते. तिसऱ्या मॅडम आल्या, त्यांनी फळ्यावर 1/2 + 1/3 लिहिलं आणि बरोबरचं चिन्ह काढायच्या आत अख्खा वर्ग गरजला, "पाच छेद सहा!" सचिव खूश. मी खजील. आठवडाभर माझ्याकडून जे झालं नाही ते दोन पाठांत झालं होतं.

मॅडम क्षणभर थांबल्या. मागे आमच्याकडे पाहिलं आणि बहुधा ओळखलं. उदाहरण पुसून त्यांनी 1/4 + 1/6 लिहिलं. निम्मा वर्ग पुन्हा गरजला, "पाच छेद सहा!" उरलेले म्हणाले, "दोन छेद दहा." म्हणजे झालं काहीच नव्हतं, पोरांना उत्तर पाठ झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला.

मॅडमनी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि एकही पुसलं नाही. मग 2/10 वर खडू टेकवून म्हणाल्या, "याला जरा लहान रूप देऊ." एक छेद पाच. "पाव मोठा की एक पंचमांश मोठा?" थोडी चुळबुळ, मग "पाव." "म्हणजे माझ्याकडे पाव होतं. त्यात मी आणखी घातलं. आणि माझ्याकडे पावापेक्षा कमी राहिलं. असं कसं झालं?"

वर्ग विचारात पडला. मग अंगठेवाला उठून म्हणाला, "मॅडम, मधल्या मध्ये कुणीतरी खाल्लं."

मॅडम हसल्या, पण त्याला खाली बसवलं नाही. "बरं, किती खाल्लं ते शोधू." त्यांनी फळ्यावर बारा चौकोनांची एक पट्टी काढली. पाव म्हणजे किती चौकोन? तीन. एक षष्ठांश म्हणजे? दोन. मिळून पाच, बारांपैकी. बाजूला 5/12 लिहिलं. "बाराच का घेतले?" चाराचे आणि सहाचे दोन्ही वाटे नीट पडतात म्हणून. मग त्या बारावर गोल करून शेजारी लिहिलं LCM, आणि तोंडानं म्हणाल्या, "पुस्तकात याला हे नाव आहे. तुमच्या मोठ्या ताईदादांच्या जुन्या वहीत 'लसावि' दिसेल. माणूस एकच." पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुस्तक मिटलं.

एक जण म्हणाला, चोवीस चौकोन घेतले तर? मॅडमनी खडू त्याच्या हातात दिला. सहा आणि चार, दहा छेद चोवीस. तो ते निम्मं करून पाच छेद बारावर आणत होता आणि तेवढ्यात घंटा झाली. पाच छेद सहाचा निकाल लागायचा राहूनच गेला.

ऑफिसात सचिव म्हणाले, "पाठ अपुरा राहिला. आणि चुकीचं उत्तर शेवटपर्यंत फळ्यावर तसंच! पहिल्या सरांनी तीन उदाहरणं पूर्ण केली." बाई म्हणाल्या, "ती तिन्ही सरांनीच केली." मग माझं मत विचारलं गेलं. मी म्हणालो, माझ्या दृष्टीनं प्रश्न सोपा आहे, उद्या सहावीचा तास मी घ्यायचा की नाही. मॅडम रुजू झाल्या.

मेसेज मात्र निवृत्त झाला नाही. त्यात सगळं होतं, फक्त शेवटची तारीख घालायची राहिली होती. तो गटागटांतून फिरत राहिला. कुणीतरी त्यावर 'तातडीने' असं डकवलं, कुणीतरी फुलं लावली. मी आता फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी 'जागा भरली' म्हणतो. घरचेही वैतागलेत, कारण मी त्यांनाही तेच म्हणतो.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मॅडम माझ्याकडे आल्या आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या मावशीनं तोच मेसेज पाठवला होता, फुलांसकट. खाली लिहिलं होतं, 'बघ, ही शाळा बरी दिसते. सगळं नीट लिहिलंय. आहेस तिथे काय ठेवलंय?'

"सर," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "करू का अर्ज?"