तुमचा टीव्ही त्यांच्या घरी

आमचं तालुक्याच्या गावात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही एकाच मॉडेलचे अकरा टीव्ही विकले, आणि मी रात्री बायकोला पेढा भरवला. पेढ्याचं बिल दहा महिन्यांनी आलं.

हायस्कुलातले सर आले. टीव्हीच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ. वर्षाची वॉरंटी होती, म्हणून मी कंपनीच्या केंद्राला ऐटीत फोन लावला. त्यांचा माणूस सरांकडे गेला, टीव्हीच्या पाठीमागचा स्टिकर वाचला, बिल वाचलं आणि चहा न घेताच निघाला. बिलावर सिरीयल नंबरच्या शेवटी ७३८, आणि टीव्हीच्या पाठीवर ७८३.

"हा टीव्ही तुमचा नाही," असं तो सरांना म्हणाला. सर पस्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडत आलेले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला सातवीपासून ओळखीची आहे.

झालं असं होतं. काउंटरवर मी बिल करताना समोर रचलेल्या खोक्यांवरून नंबर उतरवत होतो, आणि गोडाऊनमधला पोऱ्या हाताला लागेल ते खोकं टेम्पोत चढवत होता. मॉडेल एकच, मग खोक्याला काय नाव असतं? असतं, सतरा आकडी.

आता ७८३ चं बिल कुणाच्या नावावर, हे शोधणं भाग होतं. मी एक्सेलमधलं रजिस्टर उघडलं. सिरीयल नंबरच्या रकान्यात ओळीने `2.40817E+16` लिहिलेलं. रकाना रुंद केला, सेलचं फॉरमॅट बदललं, तेव्हा आकडे दिसले, पण अकराच्या अकरा ओळींत एकच नंबर: `24081730560041700`. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच आकडे जपतं, पुढे शून्यं भरतं. आणि सरांचा काय, सगळ्यांचाच फरक नेमका शेवटच्या दोन आकड्यांत! रकाना आधी 'टेक्स्ट' करून मग नंबर भरायचे असतात, हे भाच्याने सांगितलं. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत, हेही त्यानेच, जरा जास्तच आनंदाने सांगितलं.

शेवटी बिलबुकाच्या फिकट कार्बन कॉप्या उन्हात धरून वाचल्या. ७८३ चं बिल निघालं पेठेतल्या काकूंच्या नावावर. काकूंचा टीव्ही भिंतीला चिकटलेला, मागे बोटही जाईना. फटीतून मोबाईल घालून फोटो काढत होतो, तर त्यांचा नातू कार्टून बंद होईल या भीतीने माझ्या दंडाला लोंबकळलेला. फोटोत आलं ७१५. म्हणजे काकूंचंही बिल खोटं. ७१५ चं बिल एका हॉटेलवाल्याकडे, आणि त्याच्या गल्ल्यावर वड्यांच्या तेलाने चमकत असलेला टीव्ही ७३८, म्हणजे सरांच्या बिलावरचा. तीन घरं फिरून वर्तुळ पुरं झालं. पण टीव्ही उचलून अदलाबदल कशाला करायची? नंबर बिलात दुरुस्त केले, दुकानाच्या शिक्क्याचं पत्र जोडलं, आणि केंद्राने दोन आठवडे विचार करून सरांचा पॅनेल बदलून दिला.

तेव्हापासून नियम केला: बिलावर सिरीयल नंबर काउंटरवर चढणार नाही. बिलात आधी फक्त मॉडेल, आणि खोकं टेम्पोत चढताना पोऱ्या दारात स्कॅनरने नंबर मारणार. तोच त्या बिलाला आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबराला चिकटणार.

पहिल्याच दिवशी पहिलं खोकं सुखरूप गेलं आणि दुसऱ्यापासून सॉफ्टवेअर ओरडू लागलं, "हा नंबर आधीच विकला आहे." मला वाटलं, गोडाऊनला भूत लागलं. खोकं जवळून पाहिलं, तर त्यावर तीन बारकोड, आणि पोऱ्या सगळ्यात मोठा तेवढा मारत होता. तो मालाचा कोड. तेरा आकडी, सुरुवातीला ८९०, आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक खोक्यावर अगदी तोच. सिरीयल नंबर त्याच्या खाली, बारीक, 'S/N' च्या शेजारी. भाच्याने मग ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर स्वीकारायचाच नाही, अशी तजवीज केली. शिवाय जो नंबर खरेदीच्या यादीत नाही, तोही नाही. आता स्कॅनर नाराज झाला की पोऱ्या खोक्याला शिव्या देतो, मला नाही.

परवा काकूंचा फोन आला. मी पटकन संगणकावर त्यांचं बिल, तारीख, ७१५, शिल्लक वॉरंटी, सगळं काढून ठेवलं. छाती फुगवून म्हटलं, "बोला काकू, काय बिघडलंय?"

"रिमोट सापडत नाही रे. त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"