हातचा कुठे जातो आणि `111` चं काय होतं

बायनरी संख्येत एक मिळवणारं ट्यूरिंग मशीन मी आधी `1011` या उदाहरणावर चालवून दाखवलं होतं. त्यावर आलेली ही शंका:

> "१०११ घेऊन दाखवलंत आणि विषय संपवलात. पण हातचा साठवायला तुमच्या मशीनमध्ये जागाच नाही, मग तो जातो कुठे? आणि १११ दिलं तर? डावीकडे टेपच संपली असेल तर तुमचा तक्ता कोसळेल. ओव्हरफ्लो हा शब्द लिहिलाय, हाताळलेला मात्र कुठे दिसत नाही."

शेवटच्या शंकेत खरा दम आहे, तिच्याकडे येतोच. आधी तक्ता समोर ठेवू, म्हणजे बोलणं नेमकं होईल. प्रत्येक ओळीत आधी मशीनची अवस्था आणि टेपवर दिसलेलं चिन्ह, बाणानंतर तिथे लिहायचं चिन्ह, हालचाल आणि पुढची अवस्था. `_` म्हणजे रिकामं घर, `R` उजवीकडे, `L` डावीकडे, `S` जागेवरच, `H` म्हणजे थांबा. सुरुवातीला हेड, म्हणजे टेपवर वाचणारा-लिहिणारा भाग, संख्येच्या सर्वांत डावीकडच्या अंकावर असतं.

```
q0: 0 -> 0 R q0
q0: 1 -> 1 R q0
q0: _ -> _ L q1
q1: 1 -> 0 L q1
q1: 0 -> 1 S H
q1: _ -> 1 S H
```

`q0` ला हिशेबाशी काही देणंघेणं नाही. उजवं टोक गाठायचं आणि एक घर मागे यायचं, एवढंच तिचं काम. हातचा म्हणजे `q1` ही अवस्था स्वतःच. मशीन `q1` मध्ये आहे याचा अर्थच 'हातात १ आहे आणि तो अजून कुठेतरी मिळवायचाय'. म्हणून टेपवर त्याच्यासाठी वेगळं घर लागत नाही. एक मिळवताना हातचा एकपेक्षा मोठा कधी होतच नाही, त्यामुळे एकच अवस्था पुरते. तीन-चार संख्यांची एकदम बेरीज करायची असती तर हातचा २ किंवा त्याहून मोठा झाला असता आणि तितक्या अवस्था वाढवाव्या लागल्या असत्या.

हे नीट न कळल्यामुळे होणारी चूक ओळखण्यासारखी आहे. `q1` ला `0` दिसला की त्या जागी `1` लिहून थांबायचं, कारण हातचा तिथे खर्च झाला. पाचव्या ओळीत थांबण्याऐवजी चुकून `L q1` लिहिलं, तर खर्च झालेला हातचा पुढच्या घरात पुन्हा मिळवला जातो. `1011` दिल्यावर `1100` यायला हवं, पण येतं `10100`, म्हणजे १२ च्या जागी २०. फरक नेमका ८ चा आहे, कारण चाराच्या घरात हातचा संपल्यावरही मशीनने आठाच्या घरात आणखी एक १ मिळवला.

आता `111`. कंसातलं घर म्हणजे हेडची जागा:

```
q0   [1]11
q0   1[1]1
q0   11[1]
q0   111[_]
q1   11[1]
q1   1[1]0
q1   [1]00
q1   [_]000
H    [1]000
```

आठ पावलं. तक्त्यातली सहावी ओळ इथे कामाला येते. तिची कृती पाचव्या ओळीसारखीच आहे, कारण संख्येच्या डावीकडचं रिकामं घर म्हणजे न लिहिलेला शून्य. टेप दोन्ही बाजूंना अमर्याद असेल तर ओव्हरफ्लो असं काही उरतच नाही, संख्या एका घराने लांब होते आणि विषय मिटतो. (गंमत म्हणजे `1011` लाही आठच पावलं लागतात. तिथे उजवीकडे जाताना एक घर जास्त चालावं लागतं आणि परतताना एक पाऊल वाचतं.)

टेप डावीकडे संपत असेल तर मात्र तुमची शंका रास्त आहे. फक्त तिथे तक्ता 'कोसळत' नाही. कोसळला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं! एका बाजूनेच अमर्याद असलेल्या टेपचा प्रचलित नियम असा, की पहिल्या घरावरून `L` केलं तर हेड तिथेच राहतं. या नियमाने `111` चालवून बघा. `q1` तिन्ही घरं शून्य करते, पहिल्या घरावरून डावीकडे जायला बघते आणि तिथेच राहते. आता त्याच घरात तिला स्वतः नुकताच लिहिलेला `0` दिसतो. तिच्या लेखी तो संख्येचा पुढचा अंक, म्हणून ती `1` लिहिते आणि समाधानाने थांबते. टेपवर उरतं `100`. सात अधिक एक बरोबर चार, आणि मशीन तर नेहमीसारखं `H` मध्ये थांबलेलं.

संख्येत एक जरी `0` असेल तर हातचा भिंतीपर्यंत पोचायच्या आत संपतो. त्यामुळे ही चूक फक्त सगळे एक असलेल्या संख्यांवर दिसते: `1`, `11`, `111` आणि पुढे. `1011` सारख्या उदाहरणांवर कितीही तपासलं तरी ती सापडणार नाही.

यावर उपाय म्हणजे पहिल्या घरात `>` ही खूण ठेवायची आणि संख्या दुसऱ्या घरापासून लिहायची. खूण दिसली की काय करायचं, याचा बहुतेकांना सुचणारा मार्ग म्हणजे सगळे अंक एकेक घर उजवीकडे सरकवणं. त्याची गरज नाही. `q1` खुणेपर्यंत पोचली याचाच अर्थ वाटेतले सगळे अंक आता शून्य आहेत. हवं असलेलं उत्तर म्हणजे एक `1` आणि त्यामागे तेवढेच शून्य. मग पहिल्या शून्याचा `1` करायचा आणि शेवटी एक `0` जोडायचा. डावीकडे वाढण्याऐवजी संख्या उजवीकडे वाढते आणि उत्तर तेच येतं. `q1: _` ही ओळ आता लागत नाही, तिच्या जागी या येतात:

```
q1: > -> > R q2
q2: 0 -> 1 R q3
q2: _ -> 1 S H
q3: 0 -> 0 R q3
q3: _ -> 0 S H
```

`>111` वर ही वाट `>000`, मग `>100`, मग `>1000` अशी जाते. एकूण पावलं १२, म्हणजे भिंत सांभाळायची किंमत चार जास्त पावलं. `q2: _` ही ओळ वगळू नका. संख्येच्या जागी काहीच लिहिलेलं नसेल तर `q1` थेट खुणेवर येते, `q2` ला शून्याऐवजी रिकामं घर दिसतं, आणि ही ओळ नसली तर मशीन नियमाअभावी तिथेच अडकतं.

तुम्हाला ठरावीक रुंदीच्या रजिस्टरसारखा ओव्हरफ्लो हवा असेल तर संख्या वाढवायचीच नाही. `q2` आणि `q3` काढून टाका आणि एवढंच ठेवा:

```
q1: > -> > S OV
```

`OV` ही थांबण्याची वेगळी अवस्था. आठ घरांत `11111111` असेल तर मशीन `OV` मध्ये थांबतं आणि टेपवर आठ शून्य असतात, २५५ नंतर ० यावा तसे. नुसती टेप बघून हा शून्य ओव्हरफ्लोचा आहे हे कळेल का? या मशीनपुरतं कळेल, कारण एक मिळवल्यावर सगळे शून्य दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येत नाहीत. x86 प्रोसेसरवरची एक मिळवण्याची आज्ञा `INC` नेमकी अशीच वागते: ती हातचा नोंदवणाऱ्या कॅरी फ्लॅगला हात लावत नाही, त्यामुळे बिनचिन्ही संख्या उलटून शून्यावर आली का ते उत्तर शून्य असल्याची नोंद ठेवणाऱ्या झीरो फ्लॅगवरून बघावं लागतं. पण हीच `OV` ची सोय उद्या दोन संख्यांच्या बेरजेच्या मशीनला लावलीत, तर तिथे ० अधिक ० चं उत्तरही सगळे शून्यच असतं. तिथे मात्र टेपवर विसंबता येणार नाही, थांबलेली अवस्थाच वाचावी लागेल.