कागदावरच्या मुलीसाठी रडणे: एका फिरत्या संदेशाला उत्तर

«कादंबरी वाचून रडणाऱ्यांना खरे काय आणि खोटे काय तेच कळत नाही. लेखक एखाद्या गुणी मुलीला मारून टाकतो आणि हे ढसाढसा रडतात, एवढेच ते तंत्र. शेजारच्या घरात कोणी गेले तर यांच्या डोळ्यांतून टिपूस निघत नाही. पुस्तकापायी माणुसकी वाया घालवणारी मंडळी!»

या चार वाक्यांत तीन वेगवेगळे आरोप आहेत आणि ते एकाच उदाहरणावर तपासून पाहता येतात. सॅम्युअल रिचर्डसन या लंडनच्या मुद्रकाने ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी डिसेंबर 1747 ते डिसेंबर 1748 या काळात तीन हप्त्यांत, सात खंडांत प्रसिद्ध केली. ती सगळीच्या सगळी पत्रांची आहे, पाचशेहून अधिक पत्रांची. क्लॅरिसा हार्लो या तरुण मुलीचे लग्न घरचे लोक तिला नकोशा वाटणाऱ्या एका धनवान माणसाशी लावू पाहतात. लव्हलेस नावाचा उमराव घराण्यातला देखणा, बोलका तरुण तिला फसवून घराबाहेर काढतो, लंडनमधल्या एका कुंटणखान्यात ठेवतो आणि शेवटी गुंगीचे औषध पाजून तिच्यावर बलात्कार करतो. पुढे तो लग्नाला तयार होतो, पण ती नकार देते आणि हळूहळू झिजून मरते. या कादंबरीच्या वाचकांनी लेखकाला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत, म्हणूनच हे उदाहरण घेतले. रडणारा वाचक नेमके काय मानत होता आणि काय मानत नव्हता हे तर्काने ठरवण्याची वेळ इथे येत नाही.

पहिल्या आरोपाचा निकाल यांपैकी एका बाईची पत्रेच लावतात. लेडी ब्रॅडशॉ लँकेशायरमध्ये राहत असे. शेवटचे तीन खंड निघायच्या आधी, क्लॅरिसा मरणार अशी कुणकुण लागताच तिने टोपणनावाने रिचर्डसनला पत्र लिहिले आणि या मुलीला मारू नका, अशी विनवणी केली. लव्हलेसला सुधारा, त्यांचे लग्न लावा, पण तिला जगू द्या, असे तिचे म्हणणे होते. रिचर्डसनने ते मान्य केले नाही. म्हणजे पुढचे खंड हातात आले तेव्हा शेवट तिला ठाऊक होता, आणि तोही खुद्द लेखकाकडून. तरीही ती इतकी रडली की पुस्तक खाली ठेवावे, खोलीत येरझारा घालाव्यात, डोळे पुसून पुन्हा तीन ओळी वाचाव्यात आणि पुन्हा पुस्तक बाजूला टाकावे, असे तिचे चालले होते. हे वर्णन तिने स्वतःच लेखकाला कळवले आहे.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिने पत्र क्लॅरिसाच्या बापाला लिहिले नाही, लंडनच्या दंडाधिकाऱ्यालाही लिहिले नाही. ते लेखकाला लिहिले, कारण या मुलीला वाचवणे कोणाच्या हातात आहे हे तिला पक्के ठाऊक होते. पुढे तिने आपल्या प्रतीत स्वतःच्या मनाजोगता निराळा शेवटही हाताने लिहून ठेवला. खऱ्या मृत्यूवर असा उपाय कोणी करत नाही. तेव्हा गल्लत कुठेच झालेली नाही. भावना आणि जाणीव दोन्ही एकाच वेळी शाबूत आहेत. हे कसे घडते, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने 1975 मध्ये तो नेटकेपणाने मांडला: जी व्यक्ती अस्तित्वातच नाही असे आपण मानतो, तिच्याबद्दल आपल्याला दुःख कसे होऊ शकते? त्याचा स्वतःचा निष्कर्ष असा की आपण इथे विसंगत वागतो. मला आपल्याकडच्या रसविचाराचे उत्तर अधिक पटते. अभिनवगुप्ताने मांडल्याप्रमाणे रंगभूमीवरची भीती किंवा शोक हा त्या एका माणसाचा राहत नाही आणि प्रेक्षकाचा खासगीही होत नाही; तो साधारण, म्हणजे सगळ्यांचा सामायिक, होतो आणि म्हणूनच आस्वाद घेण्याजोगा होतो. खरे की खोटे हा प्रश्न त्या अनुभवात खोटा पडत नाही, तो फक्त उद्भवत नाही.

दुसऱ्या आरोपावर मला अधिक बोलायचे आहे, कारण ‘एवढेच ते तंत्र’ म्हणणाऱ्याने ते तंत्र पाहिलेलेच नाही. नुसत्या मरणाने रडू येत असते तर वर्तमानपत्राच्या निधनवार्ता वाचून रोज सकाळी घराघरात आक्रोश झाला असता. दहाव्या पानावर भेटलेले पात्र बाराव्या पानावर मेले तर वाचक पान उलटतो, मग लेखकाने त्या जागी कितीही पाऊस पाडो आणि सनई वाजवो.

‘क्लॅरिसा’ सुमारे साडेनऊ लाख शब्दांची आहे. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने वाचली तर साधारण एकोणऐंशी तास होतात. (रिचर्डसनचा समकालीन इंग्रज समीक्षक डॉक्टर जॉन्सन म्हणाला होता की निव्वळ कथानकासाठी रिचर्डसन वाचायला घेतलात तर वैतागून गळफास लावून घ्याल. ज्यांनी पहिले दोन खंड वाचले आहेत त्यांना तो अतिशयोक्ती करत नव्हता हे माहीत असेल.) इतके तास एखाद्याच्या मनाच्या आत बसण्याची संधी आपल्याला नवऱ्याबायकोच्या नात्यातही क्वचितच मिळते. पण लांबी एकटी पुरत नाही, आणि कंटाळवाण्या जाड कादंबऱ्या हेच सिद्ध करतात.

रिचर्डसनची खरी करामत म्हणजे पत्र प्रसंगाच्या मध्यातच लिहिले जाते. क्लॅरिसा लिहिते तेव्हा उद्या काय होणार हे तिला माहीत नसते. जिन्यावर पावले वाजली की ती लेखणी ठेवते. आठवणी सांगणारा निवेदक वाचलेला असतो, त्यामुळे वाचक निश्चिंत असतो. इथे ती निश्चिंती नाही. त्यातच लव्हलेसची त्याच्या मित्राला, बेलफर्डला, लिहिलेली पत्रेही आपल्यापुढे असतात. क्लॅरिसाची जिवलग मैत्रीण ॲना हाऊ हिचे पत्र लव्हलेस मध्येच अडवतो, तिच्या हस्ताक्षराची नक्कल करून बनावट पत्र पाठवतो, आणि हे आपल्याला आधी कळते, क्लॅरिसाला कळत नाही. एकटा विश्वासाचा आधार तो, आणि तोच खोटा आहे हे माहीत असूनही ते तिला सांगता येत नाही. मला वाटते की जिव्हाळा इथे बांधला जातो. पात्र गुणी असण्यापेक्षा आपल्याला तिच्याविषयी असे काही माहीत असणे ज्याचा तिला उपयोग झाला असता, याचा परिणाम अधिक होतो.

हे केवळ चांगुलपणाचे काम नाही याचा पुरावा लव्हलेसच देतो. अनेक वाचकांना तो आवडला. लेडी ब्रॅडशॉनेही त्याच्याबद्दलचा ओढा कबूल केला. रिचर्डसन हादरला आणि पुढच्या आवृत्तीत लव्हलेसचे काळेपण ठळक करणाऱ्या टिपा घालू लागला. ज्या माणसाच्या मनात आपल्याला शेकडो पाने फिरू दिले, त्याला केवळ तळटीप देऊन नावडता करता येत नाही, हे त्याला उशिरा उमगले असावे.

बलात्कारानंतरच्या भागात ही बांधणी एकदम मोडते. आतापर्यंत रेखीव, दीर्घ वाक्ये लिहिणारी क्लॅरिसा कागदाचे तुकडे लिहिते, फाडते, टाकून देते. त्यांपैकी एका पानावर ओळी तिरप्या, आडव्या छापलेल्या आहेत. लेखक स्वतः मुद्रक होता, म्हणून ही मांडणी त्याला साधली. वाचकाला ओळखीचा झालेला आवाज फुटतो, आणि तो ओळखीचा होण्यासाठी आधीची शेकडो पाने लागली होती. त्यानंतर मरणाच्या प्रसंगात क्लॅरिसा स्वतः जवळजवळ रडत नाही. ती आपली शवपेटी आधीच मागवते आणि ती खोलीत असताना तिचाच लिहिण्याच्या मेजासारखा उपयोग करते. आजूबाजूचे लोक हादरतात, ती शांतपणे पत्रे लिहीत राहते. पात्र स्वतः रडले की वाचकाला रडायला जागा उरत नाही, ही बाब बऱ्याच लेखकांना आजही कळलेली नाही.

आणि मग अश्रूंची नेमकी जागा. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती याने असे दाखवले आहे की वाचक दुःखापेक्षा उशिरामुळे रडतो: ज्याला सत्य कळायला हवे होते त्याला ते कळते, पण आता काही करता येत नाही अशा क्षणी. क्लॅरिसाच्या घरच्यांची मने अखेर वितळतात, त्यांची समेटाची पत्रे येतात, पण तोवर ती गेलेली असते. मी ही कादंबरी वाचली तेव्हा मरणप्रसंगात डोळे कोरडे होते. ती पत्रे उघडली जातात तिथे वाचन थांबवावे लागले.

पुस्तकापायी खऱ्या दुःखाला कोरडे राहण्याचा तिसरा आरोप सर्वांत जुना आहे. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आत्मकथनात हाच आक्षेप स्वतःवर घेतला: विद्यार्थी असताना आपण व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या डायडो राणीच्या मरणावर रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या अवस्थेवर मात्र रडलो नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. कादंबरी वाचून माणूस सज्जन होतो, असे मी म्हणणार नाही. साहित्यिक कथा थोडा वेळ वाचल्याने दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधात आला आणि तो खूप फिरला; नंतर इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा अनेकांना तो परिणाम आढळला नाही.

पण शेजाऱ्याच्या मृत्यूला टिपूस न येण्याचे कारण आटलेली माणुसकी असेलच असे नाही. त्या घरी आपण जातो तेव्हा तिरडीचे सामान आणायचे असते, नातेवाइकांना फोन करायचे असतात, काय बोलावे ते सुचत नसते. आणि मुख्य म्हणजे त्या माणसाच्या मनात काय चालले होते याचे एकही पान आपल्याला कधी वाचायला मिळालेले नसते. हा फरक मराठी वाचकाला एका जवळच्या उदाहरणावरून पाहता येईल. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. तिच्यात यमू स्वतः आपली हकिकत सांगते: दादाबरोबरचे बालपण, सासर, मुंबईत नवऱ्याच्या साथीने केलेले वाचन, मग त्याचा मृत्यू आणि बळजबरीने झालेले केशवपन. हा शेवटचा प्रसंग त्या वाचकांना नवा नव्हता. आलवण नेसलेली आत्या किंवा काकू त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, रोज दिसत होती. ती लहानपणी दादाशी कशी भांडत असे आणि कोणती पुस्तके तिला आवडत असत, हे मात्र तिला कोणी विचारलेले नव्हते.