कुलूप आत, किल्लीपण आतच

डोकं फिरलंय आज. यावलहून मामांचा फोन आला, रडकुंडीला आले होते माणूस. केळीला पाणी भरताना मोबाईल पाटात पडला, नवा घेतला, पासवर्ड बरोबर टाकला तरी ईमेलचं खातं उघडेना, कारण कोड जातोय जुन्या नंबरवर आणि तो नंबर केव्हाच बंद. दुसरं सिम मिळाल्यावर जुन्याचं रिचार्जच मारलं नव्हतं यांनी. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही की कंपनी बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला देते. आता मामांचा कोड कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर जातही असेल!

म्हटलं मामा घाबरू नका, बॅकअप ईमेल असेल. होता की! दुकानदाराने खातं उघडतानाच दुसरा ईमेल बनवून जोडलेला, पण त्याचा ओटीपीपण त्याच बंद सिमवर. बरं, ओटीपी आला नाही तर आत जायला आधीच काढून ठेवतात ते बॅकअप कोड? ते पण काढले होते, स्क्रीनशॉट मारून गॅलरीत ठेवले, आणि तो मोबाईल पाण्यात मेलाय. संताप येतो हो! खातं परत उघडायचे सगळे पर्याय भरलेत पण सगळं एकाच मोबाईलवर टांगलेलं. तीन वर्षांच्या केळी विक्रीच्या पट्ट्या, पीक विम्याचे कागद, सगळं त्या खात्यात अडकलंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो "भो, मी तर सगळे ऑप्शन भरून दिले होते."

अरे भरून काय उपयोग! प्रत्येक रकान्यापुढे एकच विचारायचं, हा मोबाईल आत्ता विहिरीत पडला तर हे चालेल का? बॅकअप ईमेल घरातल्या दुसऱ्या माणसाचा द्या, बायकोचा, पोराचा, ज्याचा नंबर वेगळा आहे आणि जो रोज उघडला जातो. कोड कागदावर. गुगल 8 आकडी 10 कोड देतं, एक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुने सगळे बाद, म्हणून कागदावर तारीख टाका नाहीतर जुना कागद घेऊन बसाल. पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवा, मोबाईलच्या कव्हरमध्ये नाही!! आणि सिम बदललं तर जुनं बंद पडायच्या आधी खात्यात नवा नंबर टाका, नंतर नाही, कारण नंतर आतच जाता येत नाही.

आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या मोबाईलवर कागदावरच्या एका कोडने लॉगिन करून बघा, उघडलं की तो कोड खोडा आणि तिथून लॉगआउट करा. पाच मिनिटं लागतात. दुकानदाराने ही पाच मिनिटं दिली असती तर तिथेच कळलं असतं.

मामा अजून विचारताहेत, "भाचा, जळगावला जाऊन आधार दाखवलं तर उघडून देतील का रे?" नाही हो मामा, असं ऑफिसच नाही कुठे.