आधी तीन बटणं एकदम दाबून बघा, मग ८००० हर्ट्झचं बोला

> गेमिंग कीबोर्ड घेताय? ८००० हर्ट्झ पोलिंग रेट नसेल तर घेऊच नका, साधा कीबोर्ड ६४ पट स्लो असतो. ॲक्च्युएशन ०.१ एमएम पाहिजे, नाहीतर समोरचा तुमच्या आधी गोळी मारणार. अँटी-घोस्टिंग हल्ली सगळ्यातच असतं, ते बघत बसू नका. मेम्ब्रेन कीबोर्ड थेट भंगारात!

हा मेसेज मला ताईनं पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "घेऊ का रे? चौदा हजार म्हणतोय." भाचा कोथरूडला राहतो, अकरावीत आहे. संध्याकाळी तासभर गाड्यांची रेस आणि रविवारी धाकट्या बहिणीबरोबर फुटबॉल, एवढाच त्याचा गेम. मी भोसरीला एका कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, लिहितो, बटणं आणि चिप यांच्यातला व्यवहार हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा मेसेज वाचून खरंच चिडलो. घरात साध्या खेळासाठी जी एकच गोष्ट बघायला हवी, ती बघू नका असं त्यात छातीठोकपणे सांगितलंय.

भाच्याची तक्रार काय होती? "मामा, हँडब्रेक लागतच नाही, कीबोर्ड स्लो आहे." शनिवारी जाऊन बघितलं. वरचा बाण धरून उजवीकडे वळताना स्पेस दाबली की हँडब्रेक लागायचा. डावीकडे वळताना मात्र कितीही दाबा, लागायचा नाही. स्लो कीबोर्ड दोन्हीकडे स्लो असता. एका दिशेला चालतं आणि दुसऱ्या दिशेला नाही, म्हणजे दोष वेगात नसून बटणांच्या जोडणीत आहे.

कीबोर्डावर शंभरेक बटणं असली तरी चिपकडे शंभर तारा जात नाहीत. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या सांध्यावर बसतं. चिप एकेका रेषेवर सिग्नल सोडते आणि तो कुठून परत येतो ते बघते. आता या जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर करंट त्या तिघांतून वळसा घेऊन जातो आणि चिपला चौथ्या कोपऱ्यावरचं बटणही दाबलेलं दिसतं. हे घोस्टिंग. न दाबलेलं बटण उमटू नये म्हणून फर्मवेअर अशा वेळी तिसरं बटण मोजतच नाही. म्हणून आपल्याला भूत दिसत नाही, आपलं खरं बटणच गायब होतं. भाच्याचा हँडब्रेक असाच जात होता.

यावरचा पक्का उपाय म्हणजे प्रत्येक बटणाला एक डायोड, म्हणजे करंट उलटा वळूच शकत नाही. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डात, म्हणजे बटणांखाली पातळ पडदा असलेल्या कीबोर्डात, सहसा ते डायोड नसतात. खोक्यावर 'अँटी-घोस्टिंग' छापलेलं असलं तरी अनेकदा त्याचा अर्थ इतकाच, की W, A, S, D च्या आसपासची १९ किंवा २६ बटणं एकमेकांना अडणार नाहीत अशी मांडली आहेत. बाण त्यात असतीलच असं नाही. त्यामुळे "सगळ्यातच असतं" हे वाक्य धडधडीत चूक आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. नोटपॅड उघडा, दोन्ही Shift एकदम दाबून धरा आणि हे टाइप करा:

```
THE QUICK BROWN FOX JUMPS OVER THE LAZY DOG
```

भाच्याकडे यातली काही अक्षरं उमटलीच नाहीत. बाणांसाठी मात्र दाबलेली बटणं स्क्रीनवर दाखवणारं एखादं कीबोर्ड टेस्टरचं पान उघडा आणि तुमच्या गेममधलीच तिकडी दाबा. मग मी भाच्याच्या गेमच्या सेटिंगमध्ये हँडब्रेक स्पेसवरून काढून डाव्या Shift वर टाकला. Shift, Ctrl, Alt ही बटणं बहुतेक कीबोर्डांत जाळीच्या वेगळ्या रेषांवर असतात, त्यामुळे ती बाकीच्यांशी कमी भांडतात. विंडोजमधलं स्टिकी कीज बंद करायचं लक्षात ठेवा, नाहीतर Shift पाच वेळा दाबलं की ऐन वळणावर खिडकी उघडते. खर्च शून्य.

राहिला रविवारचा फुटबॉल. दोघांनी एकाच कीबोर्डावर खेळायचं म्हणजे सहा-सात बटणं सहज एकदम दाबली जातात. यूएसबीचा साधा कीबोर्ड रिपोर्ट आठ बाइटचा असतो: एक Shift-Ctrl वगैरेंसाठी, एक राखीव आणि सहा बाकीच्या बटणांसाठी. सातव्याला जागाच नाही. याच्या पलीकडे जाणाऱ्या कीबोर्डावर 'एन-की रोलओव्हर' लिहिलेलं असतं. नवा घ्यायचाच असेल तर हे शब्द शोधा, आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर खोकं उघडून, लॅपटॉपला लावून वरचीच परीक्षा घ्या.

आता ते ६४ पट. साध्या कीबोर्डाचा पोलिंग रेट १२५ हर्ट्झ धरला तर ८००० भागिले १२५ म्हणजे ६४, भागाकार बरोबर आहे. पण पोलिंग रेट म्हणजे कॉम्प्युटर कीबोर्डला सेकंदातून किती वेळा विचारतो, एवढंच. १२५ ला जास्तीत जास्त ८ मिलिसेकंद थांबावं लागतं, सरासरी ४. १००० ला सरासरी अर्धा. तिथून ८००० वर गेलात तर वाचतो अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ. भाच्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, त्याचं एक चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद जातात. शिवाय बटणाचा पत्रा दाबल्यावर थरथरतो, ती थरथर संपेपर्यंत फर्मवेअर थांबतं. QMK या मुक्त फर्मवेअरमध्ये तो वेळ मुळात ५ मिलिसेकंद धरलेला आहे. डॅन लू या अभियंत्यानं २०१७ मध्ये लॉजिक ॲनालायझर लावून बरेच कीबोर्ड मोजले. बटण खाली जायला लागल्यापासून यूएसबीवर निरोप निघेपर्यंत १५ ते ६० मिलिसेकंद लागत होते. सगळ्यात जलद निघालेल्यांत ॲपलचा ऑफिसातला साधा मॅजिक कीबोर्ड होता, आणि मोजलेल्यांतले दोन गेमिंग कीबोर्ड इतरांपेक्षा जलद नव्हते. खोक्यावरच्या हर्ट्झवरून यातलं काहीच कळत नाही.

ॲक्च्युएशनचं, म्हणजे बटण किती खाली गेल्यावर लागतं त्याचं, थोडक्यात. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या लाल स्विचला बटण २ मिलिमीटर खाली गेल्यावर लागतं, त्यांच्या स्पीड सिल्व्हरला १.२ वर. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगानं जातंय असं धरलं तर फरक ४ मिलिसेकंदांचा. ०.१ वर ठेवलं तर नुसतं बोट टेकलं तरी अक्षर उमटतं, आणि त्याच कीबोर्डावर पोराला कॉलेजचे प्रोजेक्टही टाइप करायचे आहेत. हो, एक कबूल करतो: चुंबकीय स्विचमध्ये बोट जरा उचललं की बटण सुटतं, ती रॅपिड ट्रिगरची सोय व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये चटकन थांबून नेम धरताना उपयोगी पडते. जो रोज रँकसाठी खेळतो, त्यानं त्यासाठी पैसे घालावेत. पण अशाच कीबोर्डांत मिळणारी, दोन विरुद्ध दिशांच्या बटणांपैकी नंतर दाबलेलंच आपोआप धरणारी सोय काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून चालत नाही, हेही विकत घेण्याआधी माहीत असू द्या.

ताईला कळवलं, चौदा हजार तुझ्याकडेच ठेव. भाऊ-बहिणीच्या फुटबॉलसाठी एन-की रोलओव्हरवाला, १००० हर्ट्झचा साधा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाला वेगळा स्विच असलेला, पुरेल, आणि तोही दोघांनी दुकानात एकदम सात बटणं दाबून बघितल्यावरच.